ड्राय-फिट कपड्यांना सॉफ्टनर का नको, आणि मग ते धुवायचे कसे

मॅरेथॉनच्या किटमध्ये मिळालेला ड्राय-फिट टी-शर्ट उलटा करून आतल्या शिवणीजवळचं लेबल पाहा. टबच्या चित्रात 30 किंवा 40 हा आकडा असतो, त्रिकोणावर फुली असते आणि बऱ्याचदा इस्त्रीवरही. या चिन्हांच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ सापडते: फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. कपडे धुण्याच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांमध्ये सॉफ्टनरसाठी चिन्हच नाही. त्यामुळे ही सूचना शब्दांतच द्यावी लागते आणि ती हमखास नजरेतून सुटते.

परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही. सहा महिन्यांनी टी-शर्ट धावताना अंगाला चिकटायला लागतो, धुऊन वाळवलेला असताना छान वास देतो आणि घाम आल्यावर दहा मिनिटांत कुबट होतो. मग माणूस म्हणतो, माल हलका निघाला. पुष्कळदा मालात काही खोट नसते.

घाम कापडातून बाहेर कसा जातो

बहुतेक ड्राय-फिट कपडे पॉलिस्टरचे असतात. ताण यावा म्हणून त्यात थोडं इलास्टेन घालतात, ज्याला दुकानात स्पँडेक्स किंवा लायक्रा म्हणतात. पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत सुती तंतू आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा आत धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणजे सुती बनियन घाम आत घेऊन जड होतं, तर ड्राय-फिटमध्ये घाम तंतूच्या आत न शिरता त्याच्या अंगावरून आणि दोन तंतूंमधल्या बारीक फटींतून सरकत जातो. कापडाच्या बाहेरच्या बाजूला तो पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो. काही कापडांत तंतूच्या अंगावर लांबीभर पन्हळी ठेवलेल्या असतात, म्हणजे घामाला सरकायला आणखी वाटा मिळतात. ड्युपाँ कंपनीने 1986 मध्ये आणलेलं कूलमॅक्स हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव.

पण नुसत्या फटी असून भागत नाही. पाणी फटीत ओढलं जायचं असेल तर तंतूच्या पृष्ठभागावर ते पसरायला हवं, गोळी होऊन बसता कामा नये. कोऱ्या पॉलिस्टरवर पाणी नीट पसरत नाही. म्हणून कापडावर प्रक्रिया करताना त्याला पाणी ओढून घेणारं एक अतिशय पातळ रासायनिक फिनिश दिलेलं असतं. टी-शर्टची सगळी करामत अशी तंतूच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, आणि सॉफ्टनर नेमका पृष्ठभागावरच जाऊन बसतो.

सॉफ्टनर नेमकं काय करतो

फॅब्रिक सॉफ्टनर, फॅब्रिक कंडिशनर किंवा घरोघरी ज्याला सरसकट 'कम्फर्ट' म्हटलं जातं, त्यातला मुख्य घटक साबण नसतो. त्याने काहीही स्वच्छ होत नाही. तो एक विद्युतभारित स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या रेणूचं डोकं धनभारित असतं आणि त्याला चरबीच्या दोन लांब शेपट्या असतात. पाण्यात भिजलेलं कापड थोडं ऋणभारित असतं, त्यामुळे ते डोकं कापडाला चिकटतं आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. तंतूंवर असा मेणचट थर बसला की ते एकमेकांवरून सहज घसरतात आणि हाताला मऊपणा जाणवतो. सॉफ्टनर शेवटच्या खळबळीत घालायला सांगतात तेही याचमुळे. डिटर्जंटमधला मुख्य घटक ऋणभारित असतो. दोघं एका पाण्यात आले तर एकमेकांना पकडून बसतात आणि दोघांचंही काम होत नाही. शेवटच्या पाण्यात घातलेला सॉफ्टनर पुढे धुतला जात नाही. कपड्यावर राहावा हाच त्याचा उद्देश असतो.

सुती टॉवेलला सतत सॉफ्टनर लावला की तो अंग पुसताना पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. टी-शर्टचं तेच होतं, फक्त जास्त तीव्रतेने. सुताचा तंतू स्वतः पाणी पितो, त्यामुळे वर थर बसला तरी टॉवेल थोडंफार काम करत राहतो. पॉलिस्टरकडे पृष्ठभागाशिवाय दुसरं काहीच नाही. तिथे स्निग्ध थर बसला की घाम पसरत नाही, फटींत ओढला जात नाही आणि अंग व कापड यांच्यामध्ये साचतो.

वासाचं गणित याला जोडूनच येतं. घामाबरोबर त्वचेचं तेलही कापडात उतरतं. पॉलिस्टरला तेलाची ओढ मुळातच जास्त. त्यात सॉफ्टनरचा थर असला की तेल त्यात मुरतं आणि पुढच्या धुण्यात पूर्ण निघत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये जिममध्ये सायकलिंग करून आलेल्या 26 जणांचे टी-शर्ट तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टी-शर्टचा वास जास्त उग्र ठरला, आणि मायक्रोकोकस नावाचे वास निर्माण करणारे जिवाणू कृत्रिम धाग्यांवर जास्त वाढलेले आढळले. हा कापडाचा मूळ स्वभाव आहे. त्यावर स्निग्ध थर चढवून जिवाणूंना खाद्य राखून ठेवणं आणि वरून सुगंधाने ते झाकणं, असा सगळा प्रकार होतो. सुगंध कोरड्या कपड्याला येतो. घाम आला की खालचा वास वर येतो.

सॉफ्टनरमुळे लायक्रा सैल पडतं असंही ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. त्या बाबतीत मात्र सॉफ्टनरवर फार खापर फोडू नये. लायक्राचे खरे शत्रू क्लोरीनचं ब्लीच आणि उष्णता हे आहेत.

चौकस वाचक विचारतील, की कापड तयार करताना तिरुपूरसारख्या ठिकाणी त्याला सॉफ्टनर लावतातच की. लावतात. पण स्पोर्ट्सवेअरला लावायचा सॉफ्टनर पाण्याला ओढून घेणारा, खास प्रकारच्या सिलिकोनचा असतो. किराणा दुकानातल्या बाटलीतला माल तो नव्हे.

आधी थेंबाची परीक्षा

टी-शर्ट खराब झालाय की नाही हे घरी एका मिनिटात कळतं. टी-शर्ट पूर्ण कोरडा हवा. तो उलटा करून एखाद्या रुंद वाटीच्या तोंडावर, आतली बाजू वर येईल असा हलका ताणून धरा, म्हणजे खाली टेबल लागणार नाही. बोटाने किंवा ड्रॉपरने अगदी जवळून, सेंटीमीटरभर उंचीवरून, साध्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि पाहत राहा.

चांगल्या टी-शर्टवर थेंब दोन-चार सेकंदांत सपाट होतो, चमक जाते आणि ओला डाग चहूबाजूंनी पसरत राहतो. सॉफ्टनर बसलेल्या कापडावर थेंब फुगीर, चकचकीत गोळी होऊन अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त तसाच बसतो. बोटाने दाबला तर आत जातो, पण डाग तेवढाच राहतो, पसरत नाही. परीक्षा तीन ठिकाणी करा: छातीवर, पाठीच्या मध्यावर आणि काखेखाली. काखेखाली डिओडरंटचा थर असतो, त्यामुळे फक्त तिथेच थेंब बसत असेल तर दोष सॉफ्टनरचा नाही. छातीवरच्या मोठ्या छपाईवर परीक्षा करू नका. छपाईतून पाणी जातच नाही, मग कापड कितीही चांगलं असो.

नवा टी-शर्ट घरी आणल्याबरोबर एकदा ही परीक्षा करून किती सेकंद लागले ते लक्षात ठेवलं, तर पुढे तुलना करायला सोपं जातं.

रोजचं धुणं

धावून किंवा जिमहून आल्यावर टी-शर्ट बॅगेत कोंबून ठेवू नका. लगेच धुणं जमणार नसेल तर आंघोळीच्या वेळी साध्या पाण्यातून दोनदा काढा, पिळा आणि दोरीवर टाका. घामातलं मीठ आणि बराचसा मळ नुसत्या पाण्यानेच जातो, आणि धुणं मग दोन दिवसांनी झालं तरी बिघडत नाही. ओला टी-शर्ट बंद बॅगेत रात्रभर राहिला की जो वास धरतो, तो काढायला पुढे तासभर भिजवावं लागतं.

हाताने धुणार असाल तर एका बादलीत आठ लिटर नळाचं पाणी घ्या. महाराष्ट्रात वर्षातला बहुतेक काळ नळाचं पाणी 25 ते 30 अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वेगळं गरम करायची गरज नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून भर दुपारी येणारं पाणी हाताला चटका देत असेल तर ते टाळा. तीन-चार कपड्यांसाठी एक ते दोन चहाचे चमचे लिक्विड डिटर्जंट, म्हणजे 5 ते 10 मिली, आधी पाण्यात नीट मिसळा आणि मगच कपडे घाला. कपडे उलटे करून टाकायचे, कारण तेल आणि घाम आतल्या बाजूला असतो. पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, मग दाबून-सोडून, दाबून-सोडून धुवा. मळ जास्त असेल अशा काखा आणि गळपट्टी एकमेकांवर हलक्या चोळा. त्यानंतर स्वच्छ पाण्यातून तीनदा काढा. तिसऱ्या पाण्यातही हाताला बुळबुळीत लागलं तर चौथं पाणी घ्या.

वडी आणि ब्रश या दोन गोष्टींना इथे जागा नाही. डिटर्जंटच्या वडीत साबणाच्या पदार्थांबरोबर आकार टिकावा म्हणून खनिज भुकटीही घातलेली असते. वडी थेट कापडावर घासली की ती भुकटी जाळीदार विणीत अडकते, आणि सॉफ्टनर कधीच न लावलेला टी-शर्टही काही महिन्यांत घाम टिपेनासा होतो. ब्रशने विणीतले बारीक तंतू तुटून वर येतात आणि कापडावर गोळे धरतात. घरी धुण्याला मावशी येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि हे कपडे वेगळ्या बादलीत ठेवा. सगळ्या कपड्यांना शेवटी एकाच बादलीतून सॉफ्टनरचं पाणी देण्याची पद्धत अनेक घरांत असते, आणि हे कपडे त्यात आपोआप जातात.

मशीनमध्ये धुताना गोष्टी आणखी सोप्या आहेत. कपडे उलटे करा, चेन आणि हुक लावून घ्या, शक्य असल्यास जाळीच्या पिशवीत घाला. बरोबर जीन्स नको, तिच्या चेनमध्ये विण अडकते. टॉवेलही नको, त्याची लव या कापडाला चिकटते. 30 अंश तापमान किंवा थंड पाणी, नाजूक कपड्यांचा किंवा स्पोर्ट्सवेअरचा प्रोग्राम आणि 600 ते 800 फेऱ्यांचं स्पिन ठेवा. ड्रम दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. डिटर्जंटच्या बाटलीवर पूर्ण लोडसाठी जेवढं माप लिहिलेलं असतं, त्याच्या निम्मं घ्या. जास्त घातलं म्हणून कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत; उरलेलं डिटर्जंट विणीत राहतं आणि त्यावर पुन्हा मळ बसतो. जादा खळबळीचं बटण असेल तर ते नेहमी दाबा. बोअरचं जड पाणी येणाऱ्या ठिकाणी डिटर्जंट थोडं वाढवावं लागतं आणि जादा खळबळ तर हवीच.

फुलाचं चित्र असलेला कप्पा रिकामा ठेवायचा. पण तो रिकामा दिसला म्हणजे स्वच्छ असतोच असं नाही. आदल्या लोडमधला सॉफ्टनर त्याच्या तळाशी आणि झाकणाखालच्या नळीत घट्ट होऊन बसतो आणि पुढच्या लोडच्या शेवटच्या पाण्यात उतरतो. घरातल्या इतरांना आपल्या कपड्यांना सॉफ्टनर हवा असेल तर खुशाल वापरू द्या, फक्त महिन्यातून एकदा तो ट्रे बाहेर ओढून कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा आणि मशीन 60 अंशांवर एकदा रिकामं चालवा.

डिटर्जंट घेतानाही बाटलीची मागची बाजू वाचा. डिटर्जंट आणि सॉफ्टनर एकत्र असलेली बाटली या कपड्यांसाठी बाद. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी चादरींबद्दलही तेच समजावं. त्यांच्यावरचा लेप सॉफ्टनरच्याच जातीचा असतो आणि ड्रायरच्या उष्णतेने तो कपड्यांवर उतरतो. पावडर वापरायची असेल तर ती आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. थंड पाण्यात थेट टाकलेल्या पावडरचे पांढरे पट्टे काळ्या टी-शर्टवर लगेच दिसतात. फिक्या रंगावर दिसत नाहीत एवढंच, राहतात तिथेही.

वाळवायचं सावलीत, वारा लागेल असं. भर उन्हात दिवसभर टाकल्यास रंग उडतो आणि लायक्रा लवकर थकतं. पॉलिस्टर तसंही पाणी धरत नाही, त्यामुळे पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतं. पावसाळ्यात मात्र दाटीवाटीने दोरी भरू नका. दोन हँगरमध्ये हातभर अंतर असू द्या, नाहीतर स्वच्छ धुतलेलाही कपडा दमट वास धरतो. इस्त्री लागत नाही. तरीही करायचीच असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, उलट्या बाजूने आणि छपाई टाळून करा.

बिघडलेला टी-शर्ट सुधारणं

आता एक नेहमीचा नमुना घेऊ. गडद निळा, गोल गळ्याचा टी-शर्ट, 90 टक्के पॉलिस्टर आणि 10 टक्के इलास्टेन. सहा महिने आठवड्याला दोनदा मशीनमध्ये सॉफ्टनरसह धुतला गेला. छातीवर आणि पाठीवर थेंब मिनिटभर गोळी होऊन बसतो, हाताला कापड किंचित मेणचट लागतं, आणि घाम आला की काखेत वास येतो.

यासाठी लागेल तो धुण्याचा सोडा, खायचा सोडा नव्हे. खायचा सोडा फार सौम्य पडतो. आजच्या बहुतेक सॉफ्टनरमधला स्निग्ध घटक आम्लधर्मी द्रावणात टिकतो आणि अल्कलीत हळूहळू तुटतो, म्हणून धुण्याचा सोडा इथे उपयोगी पडतो. शिवाय तो पाण्याचा जडपणाही कमी करतो, त्यामुळे डिटर्जंटला जोर येतो.

बादलीत साडेसहा लिटर नळाचं पाणी घ्या आणि त्यात दीड लिटर उकळतं पाणी ओता. नळाचं पाणी 27 अंशांच्या आसपास असेल तर हे मिश्रण 40 अंशांना येतं. हात घालून सहज ठेवता येईल इतपत गरम, त्याहून जास्त नको. हातमोजे घालून त्यात एक सपाट मोठा चमचा, साधारण 15 ग्रॅम, धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा, मग 10 मिली लिक्विड डिटर्जंट घाला. बाटलीवर एन्झाइम असल्याचं लिहिलं असेल तर उत्तम. त्यातलं तेल तोडणारं एन्झाइम त्वचेच्या तेलावर चालतं. रंग जाईल अशी शंका असेल तर आधी आतल्या शिवणीचा कोपरा या पाण्यात बुडवून पाच मिनिटांनी पांढऱ्या रुमालावर दाबून पाहा.

टी-शर्ट उलटा करून बुडवा. दर दहा मिनिटांनी दाबून-सोडून हलवा. पाऊण तास पुरतो. रात्रभर भिजवल्याने जास्त निघेल असं वाटतं, पण पाणी थंड झाल्यावर विशेष काही निघत नाही, उलट मळ पुन्हा कापडावर बसू लागतो आणि गडद रंग उतरण्याचा धोका वाढतो. पाऊण तासाने पाणी गढूळ झालेलं दिसेल. ते फेकून द्या, टी-शर्ट दोनदा कोमट आणि दोनदा साध्या पाण्यातून काढा आणि मशीनमध्ये निम्म्या डिटर्जंटवर, जादा खळबळीसह एकदा धुवा. सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर कापडावर थेंबाची परीक्षा खोटी ठरते, कारण ओल्या तंतूंवरून पाणी सहज पसरतं.

वाळल्यावर पुन्हा तीन ठिकाणी थेंब सोडा. पहिल्या फेरीनंतर बहुधा मिनिटाऐवजी दहा-पंधरा सेकंद लागतील, कारण हा थर एका धुण्यात सगळा निघत नाही. हेच सगळं आणखी एकदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा करा. दोन फेऱ्यांमध्ये टी-शर्ट एकदा घालून व्यायाम केला तरी चालेल.

काखेतला वास उरला असेल तर तिसऱ्या फेरीत सोड्याऐवजी ऑक्सिजनवर चालणारी डाग काढायची पावडर घ्या. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. माप पाकिटावरचं, पाणी तेच 40 अंशांचं, कारण थंड पाण्यात ती फारसं काम करत नाही. रंगीत पॉलिस्टरला ती चालते. लोकरीच्या, अगदी मेरिनोच्या खेळाच्या कपड्यांनाही ती आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. क्लोरीनचं ब्लीच कोणत्याच ड्राय-फिट कपड्याला नको.

व्हिनेगरबद्दल इंटरनेटवर फार भक्तिभावाने लिहिलेलं असतं. पांढरं व्हिनेगर आम्ल आहे. जड पाण्याचे क्षार आणि उरलेला सोडा ते विरघळवतं, वासही थोडा कमी करतं. बोअरच्या पाण्याने कडक झालेल्या कपड्याला शेवटच्या बादलीत पाव वाटी घालायला हरकत नाही. पण सॉफ्टनरचा स्निग्ध थर त्याने निघत नाही; त्यासाठी डिटर्जंट आणि कोमट पाणीच लागतं. आणि व्हिनेगर कधीही ब्लीचबरोबर एका पाण्यात जाऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाळी जॅकेटचं वेगळं

रनिंगचं किंवा ट्रेकिंगचं पावसाळी जॅकेट थेंबाच्या परीक्षेत उलटं वागायला हवं: बाहेरच्या बाजूला थेंब गोळी होऊन घरंगळला पाहिजे. सॉफ्टनर तिथेही नकोच. त्याचा अवशेष बाहेरच्या पाणी झटकणाऱ्या थरावर बसला की कापड पाण्याने भिजून जड होतं आणि आतली वाफ बाहेर पडत नाही. जॅकेट थोड्या लिक्विड डिटर्जंटने धुऊन, दोनदा जादा खळबळून, लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वीस मिनिटं फिरवा. उष्णतेने तो थर पुन्हा कामाला लागतो. वर सांगितलेला सोड्याचा उपाय जॅकेटवर करू नका.

तिसऱ्या फेरीनंतरही थेंब बसूनच राहिला तर

तीनदा स्वच्छ केल्यावर कापड मेणचट लागत नाही, सुगंधही उरलेला नाही, आणि तरीही थेंब गोळीच होतो, तर सॉफ्टनर निघालाय. गेलंय ते कारखान्यात दिलेलं फिनिश. हे फिनिश प्रत्येक धुण्यात थोडं थोडं झिजतं. स्पर्धेत वाटल्या जाणाऱ्या हलक्या टी-शर्टवर ते मुळातच वरवरचं असतं आणि थोड्याच धुण्यांत जातं. पन्हळीदार तंतूंच्या किंवा तंतूतच गुणधर्म असलेल्या कापडात हा प्रश्न कमी येतो, कारण तिथे झिजण्यासारखं कमी असतं. खात्री करायची असेल तर त्याच टी-शर्टचा बाहीच्या आतल्या दुमडीचा, कमी झिजलेला भाग शोधून तिथे थेंब सोडा. तिथे तो लगेच पसरला आणि छातीवर बसून राहिला, तर निदान पक्कं. अशा टी-शर्टवर आणखी सोडा आणि वेळ खर्च करू नका. जोराच्या सरावासाठी तो बाद झाला. थंडीत सकाळी वरून घालायला किंवा संध्याकाळी चालायला जाताना तो अजून बरीच वर्षं चालेल.